जॉर्डनचे पाच दिवस: दगडावरचा क्रॉस, खलिफाचं नाव आणि ताईचं दफ्तर

मी ठाण्याची. शाळेत असताना कधी कुणी सांगितलं नव्हतं की अरबांचं भारताच्या किनाऱ्यावर आलेलं पहिलं आरमार म्हणून जे नोंदलंय ते ठाण्यावर आलं होतं. बलाधुरी नावाचा नवव्या शतकातला इतिहासकार लिहितो की साधारण ६३६ साली बहरीन-ओमानच्या सुभेदाराने खलिफा उमरला न विचारता ठाण्याकडे जहाजं पाठवली, आणि उमर भडकला. लाकडावर किडे बसवून समुद्रात सोडलेस, माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असं त्याने लिहून पाठवलं. हे वाचल्यापासून तो माणूस डोक्यातून जाईना. कारण त्याच ६३६ साली त्याचं सैन्य तिकडे रोमन साम्राज्याला सिरियातून हाकलत होतं. मग ठरलं, जॉर्डन. सोबत माझी मोठी बहीण, ३१ वर्षं तहसील कार्यालयात काढून रिटायर झालेली. तिला किल्ले-राजवाड्यात फार रस नाही, तिचा प्रश्न एकच होता, "एवढा मुलुख घेतला खरा, पण वसुली कोण करत होतं?"

दिवस पहिला – अम्मान

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. पाऊस आणि गारठा, अगदी हाडात जाणारा. आम्ही मुंबईच्या हिशोबाने एक स्वेटर घेऊन गेलो होतो, तो चुकीचा हिशोब. तिथे या दिवसात जाड जॅकेट आणि वॉटरप्रूफ बूट हवेतच, गडांवरचे दगड पावसात साबणासारखे निसरडे होतात.

दुपारी पाऊस थांबल्यावर जबल अल-कलआवर गेलो, म्हणजे शहराच्या मधोमध असलेला गड. लोक तिथे रोमन देवळाचे खांब बघायला जातात, आम्ही सरळ मागच्या टोकाला, उमय्या म्हणजे दमास्कसहून राज्य करणाऱ्या खलिफांच्या घराण्याच्या राजवाड्याकडे. हा साधारण ७३० च्या आसपासचा, इथल्या सुभेदाराचा वाडा. दरबाराचा हॉल आतून क्रॉसच्या आकाराचा आहे, तसा आकार इथल्या बायझंटाईन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन बांधकामात असायचा, पण भिंतीवरचे छोटे कोनाडे आणि नक्षी मात्र इराणच्या ससानी राजांकडची. म्हणजे हरवलेल्या दोन्ही साम्राज्यांचे कारागीर एकाच भिंतीवर. वरचा लाकडी घुमट नवा आहे, स्पॅनिश लोकांनी बसवलेला, मूळ वाडा ७४९ च्या भूकंपात पडला.

तिथेच कट्ट्यावर बसून ताईला थोडक्यात सांगितलं ते इथेही लिहिते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ६३२ ला पैगंबर गेले तेव्हा राज्य म्हणजे अरबस्तान. ६३६ ला रोमनांना हरवणारी यर्मूकची लढाई, ६४२ पर्यंत सिरिया, इराक आणि इजिप्त हातात, आणि ७११-१२ ला एकीकडे स्पेन आणि दुसरीकडे सिंध. हे जमलं याचं एक मोठं कारण म्हणजे रोमन आणि इराणी ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षं एकमेकांशी लढून दमले होते. या सिरिया-जॉर्डनवर मधली पंधराएक वर्षं इराण्यांचं राज्य होतं, रोमन परत येऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती तोवर अरब आले. गावातल्या माणसाच्या दृष्टीने एका आयुष्यातला हा तिसरा मालक. वेस बंद करून लढण्यापेक्षा लोक ठराव करून मोकळे होत. दमास्कससारख्या शहरांशी सुरुवातीला माणशी एक दीनार आणि एक जरीब, म्हणजे एक ठराविक माप, गहू असा करार झाला असं बलाधुरी सांगतो.

ताई म्हणाली, "बरं, करार झाला. माणसं मोजली कुणी?"

रात्री जेवायला खाली डाउनटाउनमधे. शाकाहारी लोकांनी घाबरू नका, हुमुस, फूल (उकडलेल्या बाकल्याचं), फलाफल, गलायत बंदोरा म्हणजे तव्यावरचा टोमॅटोचा लसूण घातलेला झणका, यावर आठवडा आरामात निघतो. वर कनाफे, गरम, पाक ओतलेलं, रस्त्यावर उभं राहून खायचं.

दिवस दुसरा – उम्म कैस

हा दिवस मी कधीच विसरणार नाही. अम्मानहून उत्तरेला अडीच तास, इर्बिदच्या पुढे. वाटेत बदामाची झाडं पांढरी फुललेली आणि डोंगर हिरवेगार, कोकणातल्या श्रावणासारखे, फक्त थंड. उम्म कैस म्हणजे जुनं गदारा, काळ्या बेसाल्टचं रोमन शहर. आम्ही पोचलो तर धुकं, दहा फुटांवरचं दिसेना. तिकीट खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, थांबा, तासाभरात उघडेल. आम्ही वरच्या चहाच्या टपरीत मिरमिया घातलेला चहा पीत बसलो (सेजची पानं, घशाला फार बरी) आणि खरंच, सव्वा तासाने एकदम पडदा सरकल्यासारखं धुकं गेलं. समोर गोलान, खाली यर्मूक नदीची खोल घळ, आणि डावीकडे लांब गॅलिलीचा तलाव चमकत होता.

त्या तलावाकाठचं तिबेरियस, अरबीत तबरिया, हे त्या वेळच्या 'जुंद अल-उर्दुन' म्हणजे जॉर्डन जिल्ह्याचं मुख्यालय. जुंद म्हणजे फौज. सिरियाचे त्यांनी दमास्कस, होम्स, उर्दुन, फिलिस्तीन असे फौजी जिल्हे पाडले, जिल्ह्याची वसुली त्या जिल्ह्याच्या फौजेला. ऑगस्ट ६३६ ची लढाई याच नदीच्या खोऱ्यात, इथून थोडं वर.

पण आम्ही ज्यासाठी आलो होतो ते खाली घळीत आहे आणि जॉर्डनमधून तिथे जाता येत नाही, कारण ते ठिकाण, हम्मत गादेर, इस्राएलच्या ताब्यात आहे. गरम पाण्याची रोमन स्नानगृहं. तिथे एक ग्रीक शिलालेख सापडलाय, त्याचा फोटो मी प्रिंट काढून नेला होता. वरून बोट दाखवून ताईला ओळ ओळ वाचून दाखवली.

लेख सुरू होतो क्रॉसने. मग: अब्दल्ला मुआविया, 'अमीर अल-मूमिनीन', यांच्या कारकिर्दीत. हा मुआविया म्हणजे दमास्कसला बसलेला खलिफा, सगळ्या मुसलमानांचा प्रमुख, आणि त्याची अरबी पदवी ग्रीक अक्षरांत जशी ऐकू आली तशी लिहिलीय. पुढे, इथली गरम स्नानगृहं सुभेदार अब्दल्ला याने दुरुस्त करवली, आजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून. आणि मग तारीख, ती ऐकून ताई उठूनच उभी राहिली. ५ डिसेंबर, सोमवार. रोमन करवर्ष सहावं. शहराच्या स्थापनेपासून ७२६ वं वर्ष. आणि 'अरबांप्रमाणे' ४२ वं वर्ष. म्हणजे आपलं ६६२. शेवटी, काम कुणाच्या देखरेखीखाली झालं तर योआनेस, गदाऱ्याचा रहिवासी. म्हणजे गावातलाच ख्रिस्ती माणूस.

"हे बघ," ताई म्हणाली, "लेख लिहिणारा जुना कारकून आहे. साहेब बदलला, त्याने वर साहेबाचं नाव बदललं. बाकी फॉर्म तोच."

मला हे सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त पटलं. ते करवर्ष बघा ना, इंडिक्शन म्हणतात त्याला, रोमनांची पंधरा-पंधरा वर्षांची करआकारणीची मोजणी. लढाईला सव्वीस वर्षं झाली तरी ती चालूच, कारण सगळ्या जुन्या याद्या त्याच मोजणीत होत्या, कुठल्या शेतावर किती आकार, कुणाकडे किती थकलंय, सगळं. जिंकणारे मूठभर, त्यांना ग्रीक येत नव्हतं, आणि त्यांना येण्याची गरजही नव्हती. उमरने एक गोष्ट विचारपूर्वक केली, जिंकलेली जमीन सैनिकांना वाटून दिली नाही. जमीन कसणाऱ्याकडेच राहिली, त्याने कर भरायचा, आणि सैनिकांना त्या करातून रोख तनखा. त्यासाठी ६४१ च्या सुमारास दिवाण म्हणजे नावांची यादी केली, जो आधी मुसलमान झाला त्याला जास्त. पैगंबरांसोबत बद्रच्या लढाईत असलेल्या जुन्या लोकांना वर्षाला ५००० दिरहम, मागून आलेल्या साध्या शिपायाला दोन-तीनशे. शिपाई शेतात उतरलाच नाही, छावणीत राहिला, गाव आपलं आपण चालू राहिलं.

आणि दिवाण, दफ्तर, तहसील, महसूल हे सगळे शब्द ताईने ३१ वर्षं रोज वापरले. त्यातला दफ्तर तर मुळात ग्रीक, 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं, लिहायचं कातडं, ग्रीकातून इराण-अरबांकडे आणि तिथून आपल्याकडे. हे सांगितल्यावर ती बराच वेळ खालच्या घळीकडे बघत बसली.

टीप: जॉर्डन पास ऑनलाईन घ्या, ७० दीनारपासून आहे, निदान तीन रात्री राहणार असाल तर व्हिसाची फी त्यातच धरतात आणि उम्म कैस, जेराश, वाळवंटातले वाडे, पेट्रा सगळं येतं. उम्म कैसला सीमेजवळ असल्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा आणि मोबाईल पलीकडचं नेटवर्क पकडतो, रोमिंग बंद करा.

दिवस तिसरा – नाणी, आणि कसर अम्रा

सकाळी भाड्याच्या गाडीचं टायर गुळगुळीत निघालं, दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास आम्ही अम्मानमधल्या एका छोट्या नाणेसंग्रहालयात घालवले, आणि बरंच झालं.

कालच्या लेखात जे दिसलं ते पन्नासेक वर्षं तसंच चाललं. नाणीसुद्धा जुन्याच ठशांची, रोमन राजाचं चित्र, क्रॉसचा फक्त आडवा दांडा गाळलेला. इराणकडे ससानी राजाचा मुकुटवाला चेहरा आणि कडेला 'बिस्मिल्लाह'. मग अब्दुल मलिक खलिफा झाला (६८५ ते ७०५), यादवी मोडून काढली आणि बदल केला. आधी हातात तलवार घेतलेला उभा खलिफा नाण्यावर आला, मग हिजरी ७७, म्हणजे ६९६-९७ ला चित्रच गेलं. नुसती अरबी अक्षरं, सव्वाचार ग्रॅम सोनं. ते नाणं काचेत बघताना कळतं की केवढा बदल आहे, आधीच्या सगळ्या कपाटांत चेहरेच चेहरे आणि इथून पुढे एकही नाही.

साधारण ७०० च्या सुमारास दफ्तराचीही भाषा बदलली. सिरियाचा हिशोब तोवर ग्रीकमधे, प्रमुख सर्जून, दमास्कसच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातला. अब्दुल मलिकने सुलेमान इब्न साद नावाच्या माणसाला सांगितलं, सगळं अरबीत कर. तो म्हणाला, मदत म्हणून एका वर्षाचा उर्दुन जिल्ह्याचा खराज, म्हणजे जमीनमहसूल, द्या. तो किती होता तर १,८०,००० दीनार! वर्षाच्या आत त्याने काम पुरं केलं. मग सर्जूनने आपल्या कारकुनांना सांगितलं, दुसरा धंदा शोधा, देवाने हा तुमच्या हातातून काढून घेतला. ही गोष्टही बलाधुरीचीच.

ताईला या गोष्टीचं फार वाईट वाटलं. तिच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हाचे दिवस तिला आठवले, मोडी वाचणारा एक म्हातारा कारकून होता म्हणे, त्याच्याकडे कुणी कागद घेऊन जाईनासं झालं. गाडीत ती बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलत होती.

दुपारी अझ्रकच्या रस्त्याला लागलो. सपाट वाळवंट, काळे दगड, वारा इतका की गाडीचं दार दोघींनी धरून बंद करावं लागलं. कसर अम्रा बाहेरून अगदीच छोटं, तीन गोल छपरं आणि एक घुमट. कसर म्हणतात पण आहे हमामखाना, खलिफा होण्याआधी वलीद बिन यझीद या राजपुत्राने बांधलेला, २०१२ मधे भिंत साफ करताना त्याच्या नावाचा लेख मिळाला. आत शिरलात की डोळे अंधाराला सरावू द्या, टॉर्च लावू नका. हळूहळू भिंती भरून येतात: शिकार, अंघोळ करणाऱ्या बायका, घुमटात राशींचं आकाश. शतकानुशतकं इथे भटक्या बेदुईन लोकांनी शेकोट्या केल्या म्हणून धुराने काळवंडलंय, आता बरंच साफ केलंय.

पश्चिमेच्या भिंतीवर सहा राजे एका रांगेत उभे. चार ओळखता येतात कारण वर नावं लिहिलीत: कैसर म्हणजे रोमन सम्राट, स्पेनचा रोडेरिक, इराणचा खुस्रो, हबशांचा नजाशी. रोडेरिक ७११ मधे हरला, ही चित्रं त्यानंतर वीस-तीस वर्षांतली. आणि नावं कुठल्या भाषेत? अरबीत, आणि ग्रीकमधेही! दफ्तर अरबी झाल्याला निदान पंचवीस वर्षं झाली होती, तरी चितारी अजून ग्रीक लिहीत होता, आणि राजपुत्राची हरकत नव्हती. हुकमाने कचेरी बदलते, हात इतक्या लवकर बदलत नाहीत. मला तिथे खरंच भरून आलं.

दुसऱ्या बाजूच्या छतावर चौकोनात कामगार काढलेत, लोहार, सुतार, गवंडी. अशा बांधकामांना माणसं कशी यायची ते इजिप्तच्या पपायरसवर लिहिलेलं मिळालंय. तिथला सुभेदार कुर्रा बिन शरीक (७०९ ते ७१५) याची अफ्रोदितो गावच्या ख्रिस्ती प्रमुखाला, बासिलिओसला, पाठवलेली पत्रं आहेत, दमास्कसच्या मशिदीसाठी इतके कामगार, इतक्या महिन्यांचा खर्च गावाने द्यायचा, वर थकबाकीबद्दल दम. ताई म्हणाली, "हे पत्र मीच लिहिलं असतं. अगदी हीच भाषा."

दिवस चौथा – उम्म अर-रसास

माडब्याहून पाऊण तास. पर्यटक जवळजवळ नाहीत, आम्ही, एक कुत्रं आणि राखणदार. त्याने आधी चहा पाजला, मग चावी आणली.

सेंट स्टीफनच्या चर्चची मोझेक फरशी, वरून चालायला लोखंडी पूल. काठाने शहरांची चित्रं, जेरुसलेम, गाझा, अम्मान (तेव्हा फिलाडेल्फिया), मधे नाईलची शहरं. वेदीपाशी तारीख आहे, ७५६. यर्मूकनंतर एकशेवीस वर्षांनी! मुसलमानी राज्यात, या आडगावात, लोकांनी वर्गणी काढून चर्चची नवी फरशी घातली आणि बिशपचं नाव ग्रीकमधे कोरलं. माणसांची चित्रं मात्र नंतर कुणीतरी चौकोन उपटून पुसलीत, आणि तीही काळजीने, मोकळी जागा दुसऱ्या तुकड्यांनी भरलीय.

पण सगळं गोड होतं असं मी लिहिणार नाही. नेसाना नावाचं एक गाव, इथून पश्चिमेला नेगेवमधे, तिथल्या पडक्या चर्चमधे कागदपत्रं सापडली. ६७४-७५ च्या चिठ्ठ्या आहेत, वर अरबी, खाली ग्रीक, गाझाचा सुभेदार हारिस नेसानाच्या लोकांना कळवतो की अमुक टोळीच्या शिपायांना इतका गहू आणि इतकं तेल द्या. त्याला शब्द 'रिझ्क', शिधा. दोन भाषा का, तर वरचा भाग नेणाऱ्या शिपायासाठी, खालचा देणाऱ्या गावासाठी. आणि त्याच गठ्ठ्यात काही वर्षांनंतरचं एक पत्र आहे, आजूबाजूची गावं मिळून गाझाला जाऊन कर कमी करा म्हणून गाऱ्हाणं घालणार आहेत, तुम्हीही माणसं पाठवा.

खरी अडचण पुढे आली. जिझिया बिगरमुसलमानाला. मग कुळं मुसलमान होऊन जमीन सोडून छावणीच्या शहरात जायला लागली. त्यांना म्हणायचे मवाली, कुठल्यातरी अरब टोळीचे आश्रित (आपला मराठी 'मवाली' याच शब्दाचा, अर्थ किती घसरला बघा). वसुली खाली आली. इराकचा सुभेदार हज्जाज याने अशांना धरून परत गावाला पाठवलं. ७१७ ला आलेल्या दुसऱ्या उमरने हुकूम काढला, मुसलमान झालेल्याकडून जिझिया घ्यायचा नाही. न्यायाचं होतं, पण तिजोरीला सोसेना, तीन वर्षांत तो गेला आणि पुढच्यांनी बऱ्याच ठिकाणी जुनीच वहिवाट चालू केली. ज्या व्यवस्थेत वरचे थोडे आणि खालचे वेगळे हे धरूनच हिशोब मांडला होता, तिथे खालचेच वर यायला लागले की जमा-खर्च जुळणार कसा? इराणच्या पूर्वेकडे खुरासानात हीच चीड साचत गेली आणि ७५० मधे उमय्यांना घेऊन बुडाली.

टीप: इथे खायला काही नाही, माडब्यातून ब्रेड-झातार बांधून घ्या. राखणदाराला एखादा दीनार द्या, तो मागत नाही.

दिवस पाचवा – अकाबा

चार तास दक्षिणेला, आणि स्वेटर निघाला! समुद्र निळाशार. हॉटेलांच्या रांगेत रस्त्यालगत कुंपणाच्या आत आयलाचे अवशेष आहेत, लोक वळूनही बघत नाहीत.

६३० साली या बंदराचा ख्रिस्ती प्रमुख युहन्ना स्वतः तबूकला जाऊन पैगंबरांशी करार करून आला, वर्षाला ३०० दीनार, बदल्यात जहाजांना आणि काफिल्यांना अभय. पुढे ६५० च्या सुमारास अरबांनी जुन्या गावात घरं बळकावली नाहीत, त्याला लागूनच नवं तटबंदीचं शहर बसवलं. साधारण १७० बाय १४५ मीटर, आपल्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढं. चार वेशी: शाम म्हणजे सिरिया, मिस्र म्हणजे इजिप्त, हिजाझ म्हणजे मक्का-मदिनेचा मुलुख, आणि समुद्र. नावांतच नकाशा.

आम्ही शाम दरवाजाने आत शिरलो. आत मशिदीचा चौथरा, बाजाराच्या भिंती, मधून गोड्या पाण्याचा ओहोळ वाहतो आणि कडेला लव्हाळा उगवलाय. दोन शाळकरी मुली भिंतीवर बसून शेंगदाणे खात होत्या, त्यांनी आम्हालाही मूठभर दिले. कुठून आलात विचारलं. ताईने समुद्राकडे हात केला आणि म्हणाली, "ठाणे."

त्यांना अर्थातच कळलं नाही. मग मी फोनवर नकाशा काढला आणि तांबड्या समुद्रातून खाली, येमेनला वळसा घालून, अरबी समुद्रावरून बोट फिरवत ठाण्याच्या खाडीपर्यंत आणलं. मोठी मुलगी म्हणाली, जहाजाने? इतक्या लांब? आणि धाकटीने माझा फोन हातात घेऊन तीच वाट उलटी फिरवत परत अकाबापर्यंत आणली.